वरची बाजू कुठली

माझ्या मामेबहिणीने पुण्याहून बाळाची कॉट पाठवली तेव्हा मी सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये डाव्या कुशीवर पडून होते. सहावा महिना संपत आला होता. गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला होता आणि डॉक्टरांनी संडास-बाथरूमपुरतं उठायची परवानगी दिली होती. आधीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. त्यामुळे पोटात साधा गॅस फिरला तरी मी श्वास धरून पुढचं काय होतंय याची वाट बघायचे. घरात कुणाला सांगायचे नाही. सांगितलं की ती भीती खरी होईल असं वाटायचं.

कॉट सुट्या भागांत आली होती. फळ्या, गजांच्या दोन बाजू, लोखंडी सळया आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बोल्ट. बहिणीची दोन्ही मुलं त्यात वाढली होती. "घरात धूळ खात पडलीये, तुला उपयोग होईल," असं ती म्हणाली. जोडणीचा कागद मात्र तिने पाठवलाच नव्हता. तो तिच्या फायलीत राहिला. मग तिने त्याचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला.

तो फोटो मी अजून विसरलेले नाही. कागद चार घड्यांचा, जेवणाच्या टेबलावर पसरलेला. वरून ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा पडलेला. सगळी चित्रंच, मध्येमध्ये मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत मजकूर. खालचा उजवा कोपरा बहिणीच्या हाताच्या सावलीत गेलेला.

नवरा एमआयडीसीत शिफ्टला जायचा. सुटीच्या दिवशी तो कॉट जोडणार होता, पण त्याआधीच सोनईहून सासरे आले. सासऱ्यांना मी मामा म्हणते. आयुष्यभर शेती केलेले, पाइपलाइन, मोटार, फवारणीचा पंप, काहीही स्वतःच खोलून दुरुस्त करणारे. बॅग ठेवली, चहा घेतला आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवलेल्या फळ्या बघून म्हणाले, "ही जोडायची हाय ना? मग थांबायचं कशापायी?"

"कागद इंग्रजीत आहे मामा. आणि चित्रं नीट दिसत नाहीत."

"तू मराठीत लिवून दे. मी वाचतो आन करतो. तुला पडल्या पडल्या काम बी हुईल."

मला ते पटलं. दिवसभर छताकडे बघत आपल्याच पोटावर पहारा देण्यापेक्षा ते बरं होतं. फोनमध्ये एक एआय सहायक होता, त्याला मी फोटो दिला आणि सांगितलं, की यातून मराठीत भागांची यादी कर, क्रमाने पायऱ्या लिही आणि धोक्याच्या सूचना वेगळ्या काढ.

त्याने पटकन लिहून दिलं. डोक्याकडची फळी एक, पायाकडची फळी एक, गजांची पक्की बाजू एक, खाली-वर सरकणारी बाजू एक, तळ एक, खालची आडवी पट्टी एक, उभ्या सळया दोन, लांब बोल्ट आठ आणि त्यांचे आडव्या भोकाचे गोल नट आठ, आखूड बोल्ट चार, आणि वाकवलेला षटकोनी पाना. पुढे पायऱ्या होत्या. शेवटी त्याने लिहिलं होतं, की फोटोत उजवीकडे खाली अंधार आहे आणि सरकत्या बाजूच्या चित्रावर प्रकाशाचा पट्टा आहे, त्यामुळे तिथला मजकूर आणि ती बाजू कुठल्या तोंडाने वर बसते हे नक्की कळलं नाही, स्पष्ट फोटो द्यावा.

मी लगेच बहिणीला फोन केला. ती ऑफिसात होती. "घरी गेले की काढते," म्हणाली. "नीट उजेडात काढ," मी म्हणाले. "आणि फोटो म्हणून नको पाठवू, डॉक्युमेंट म्हणून पाठव. नाहीतर तो बारीक होऊन येतो आणि अक्षरं पुसट होतात."

तोवर मी हातातल्या फोटोशी ती यादी ताडून बघायला लागले. चित्र बोटांनी मोठं करायचं, भाग मोजायचे, पुढच्या चित्राकडे जायचं. पक्क्या बाजूला दोन्ही टोकांना दोन-दोन लांब बोल्ट, म्हणजे चार. खालच्या आडव्या पट्टीला एकेक, म्हणजे दोन. बेरीज सहा. यादीत मात्र आठ होते. फोटोत तो आकडा इतका पुसट होता की सहा म्हणा नाहीतर आठ म्हणा. मी मामांना हाक मारून पिशवीतले लांब बोल्ट मोजायला सांगितले.

"सहाच हायेत, नट बी सहाच," ते म्हणाले.

मी यादीत बोल्ट आणि नट, दोन्हींच्या आठाचे सहा केले. चूक सापडली याचा आनंद व्हायला हवा होता, पण मला भीतीच वाटली. त्या सफाईदार मराठीत आठ हा आकडा बाकी सगळ्या आकड्यांसारखाच खात्रीने बसला होता. अजून कुठे काय बसलंय, कोण जाणे. मग मी एकेक ओळ पुन्हा पहिल्यापासून तपासली आणि वहीच्या पानावर स्वतःच्या अक्षरात उतरवली, मोठ्या अक्षरांत, मामांना चष्म्याशिवायही वाचता येईल अशी.

१. भाग मोजून घ्या. एकही कमी किंवा तुटका असेल तर पुढे जाऊ नका.
२. लांब बोल्ट आणि आखूड बोल्ट वेगळे ठेवा. बोल्टचं डोकं सोडून मापा. लांब बोल्ट तळाच्या भोकात घालू नका, टोक आत बाळाच्या बाजूला येईल.
३. डोक्याची आणि पायाची फळी पक्क्या बाजूला जोडा. बोल्ट आत्ता सैलच ठेवा.
४. खालची आडवी पट्टी लावा. हीसुद्धा सैल.
५. तळ आखूड बोल्टांवर बसवा. मग सगळे बोल्ट घट्ट करा.
६. सरकती बाजू. थांबा. चित्र स्पष्ट नाही. वरची बाजू कुठली ते दिसत नाही. नवा फोटो आल्याशिवाय करू नका.

धोक्याच्या सूचनांत जेवढं वाचता आलं तेवढं लिहिलं. गादी आणि बाजू यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त फट नको. कॉट खिडकीच्या आणि पडद्याच्या दोरीच्या जवळ नको. आत उशी, जाड दुलई नको. प्रत्येक सूचनेमागे कुठेतरी कुणाच्या तरी घरात काहीतरी झालं असणार. उगीच कुणी असं लिहीत नाही.

मामांनी कागद घेतला आणि बाहेरच्या खोलीत बसून ते मोठ्याने वाचत काम करू लागले. दार उघडं होतं. मला त्यांची पाठ दिसायची आणि आवाज ऐकू यायचा. "भाग मोजून घ्या. घेतले. लांब बोल्ट येगळे. केले." मध्येच म्हणायचे, "पोरी, सैल म्हंजी किती सैल?" मी म्हणायचे, "हाताने फिरतील एवढे, मामा. सगळं जुळलं की मग आवळायचे. आधीच एक कोपरा आवळला तर दुसऱ्या टोकाची भोकं जुळत नाहीत." ते "व्हय, बरोबर," म्हणायचे. पाचवी पायरी संपली आणि बाहेर चौकट उभी राहिली. त्यांनी ती हलवून बघितली. चांगली घट्ट होती.

मी म्हणाले, "आता थांबा मामा. फोटो यायचाय."

मी डोळे मिटले असतील थोडा वेळ. सळईवर काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मग लाकडावर तळहाताचा एक दणका, दुसरा दणका, आणि त्यानंतर कट् असा कोरडा आवाज. लहानसाच. काडी मोडल्यासारखा.

"मामा, काय झालं?"

"काय न्हाई. बसलं."

"सरकती बाजू लावली का?"

"लावली. दोनी तोंडं सारखीच हायेत गं तिची. वर-खाली काय न्हाई तिला."

मला उठायचं नव्हतं, पण उठले. भिंत धरून दारापर्यंत गेले आणि खुर्चीवर बसले. मामांनी बाजू वर उचलून दाखवली. ती वर राहिली. वरवर सगळं ठीक होतं. मामा घाम पुसत होते आणि त्यांच्या तोंडावर काम संपवल्याचं समाधान होतं. पण तो आवाज माझ्या कानातून जाईना. काहीतरी मोडलं होतं आणि ते कुठे मोडलं हे दिसत नव्हतं. न दिसणारं मोडणं मला चांगलं ठाऊक होतं. मागच्या वेळी सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टर गप्प झाल्या होत्या, तेव्हाही वरून सगळं ठीकच दिसत होतं.

मी परत येऊन पडले. दिवेलागणीच्या सुमाराला बहिणीचा नवा फोटो आला. या वेळी खिडकीजवळ उजेडात काढलेला, चारही कोपरे दिसणारा. सरकत्या बाजूच्या चित्रात एक बाण होता आणि शेजारी लहानसा खटका काढला होता. त्या बाजूच्या चारही कोपऱ्यांना सळईवर चढणाऱ्या प्लॅस्टिकच्या पकडी होत्या; खटका असलेली पकड वर, नुसतं भोक असलेली खाली. त्याच्याखाली त्रिकोणात उद्गारचिन्ह आणि बारीक मजकूर होता. मी तो पुन्हा सहायकाला दिला आणि त्याचं मराठी स्वतः इंग्रजीशी लावून वाचलं. बाजू उलटी बसवल्यास खालची पकड तुटू शकते. पकड तुटल्यास कोपरा सळईवरून सुटतो आणि मूल फटीत अडकू शकतं. कोणताही भाग तुटका, सैल किंवा हरवलेला असेल तर कॉट वापरू नका. मूळ भागांऐवजी दुसरं काही लावू नका.

मी ते दोनदा वाचलं. मग भिंत धरून पुन्हा दारातल्या खुर्चीवर जाऊन बसले आणि मामांना बोलावलं.

"मामा, खटका कुठल्या बाजूला आहे बघा. वर की खाली?"

ते वाकले, चष्मा लावला. बराच वेळ बघत राहिले. "खाली हाय," ते म्हणाले.

त्यांनी बाजू काढली, उलटी केली आणि सरळ बसवली. या वेळी दणका लागला नाही. ती अलगद सरकली आणि वर गेल्यावर खटका टिक् करून बसला. "हे बग," ते म्हणाले, "आता झालं." मी माझा फोन त्यांच्या हातात दिला. फोनचा टॉर्च लावून चारही पकडी बघा म्हटलं. खालच्या एका पकडीवर केसाएवढी रेघ होती. आतल्या बाजूने, नखाने चाचपल्यावर कळेल एवढीच.

"एवढं काय न्हाई त्याचं," मामा म्हणाले. "तार हाय माझ्याकडं. दोन वेढे मारतो, वरनं चिकटपट्टी लावतो. दहा वरसं हलायचं न्हाई."

"तार नको, मामा. यात लिहिलंय, दुसरं काही लावायचं नाही."

"कागदवाले लिवतात तसं. त्यांना नवीन इकायचं असतं." ते रागावले नव्हते. समजूत घालत होते. "आमी आख्खं आयुष्य तारंवर काढलं, पोरी. मोटार तारंवर, गेट तारंवर. तुझ्या नवऱ्याची सायकल बी तारंवर हुती."

त्यांना कसं सांगावं ते मला कळेना. ते माझ्या बाळासाठी सोनईहून आले होते, गुडघे दुखत असताना फरशीवर बसून त्यांनी काम केलं होतं. आणि मी त्या कॉटकडे बघत होते तर मला तिथे तार दिसत नव्हती, फट दिसत होती. मी म्हणाले, "मामा, एकदा करून बघू. तुम्ही तार लावा. मग आत वजन ठेवून ढकलून बघू. टिकलं तर मी काही बोलणार नाही."

त्यांनी तार लावली. पक्कडीने पीळ दिला, नीट, सफाईने. मग स्वयंपाकघरातून गव्हाची लहान पिशवी आणली, तळावर ठेवली आणि बाजूला टेकवून तळहाताने दाबत राहिले, रांगणारं मूल आतून रेटेल तसं. काही झालं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग बाजू हलवली, मुलं गजांना धरून हलवतात तशी, पुढे-मागे. तीन-चार हिसके बसले आणि खालचा कोपरा सळईवरून निसटला. वरचा कोपरा तसाच धरून राहिला आणि खाली त्रिकोणी फट उघडली. गव्हाची पिशवी घसरत जाऊन त्या फटीत अर्धी अडकली.

मामांनी पिशवी ओढून काढली. मग आपली मूठ त्या फटीत घातली. मूठ आत गेली. त्यांनी ती तशीच ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाळाचं डोकं एवढंच असंल."

मी काही बोलायच्या आत माझ्या पोटात कळ आली. गॅसची नव्हे. कंबरेपासून पुढे येणारी, पोट दगडासारखं करणारी. मी खुर्चीचा हात धरला. मामांनी माझं तोंड बघितलं आणि ते उठले. मला धरून आत नेलं, डाव्या कुशीवर निजवलं. मी फोनवर डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पाणी प्यायला सांगितलं, पडून राहायला सांगितलं, आणि पोट पुन्हा पुन्हा कडक झालं, रक्त किंवा पाणी गेलं, तर लगेच निघा म्हणाल्या. नवऱ्याला फोन केला. तो निघाला.

तो येईपर्यंतचा वेळ मी कसा काढला ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की मामा दारात फरशीवर बसले होते. जवळ यायला त्यांना संकोच वाटत होता आणि लांबही जायचं नव्हतं. मध्येमध्ये विचारायचे, "आली का?" मी म्हणायचे, "नाही." दुसरी कळ आली, पहिलीपेक्षा हलकी. तिसरी आलीच नाही. नवरा आला तेव्हा मी रडत होते आणि पोट मऊ झालं होतं. तरीही आम्ही दवाखान्यात जाऊन आलो. टाका जागेवर होता. बाळाचे ठोके ऐकवले. मी ते ऐकत असताना मामा बाहेरच्या बाकावर बसून होते, हे नवऱ्याने नंतर सांगितलं. आत बोलावलं तर ते म्हणाले, तुमीच ऐका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला करवतीचा आवाज आला. मामा गॅलरीत होते. त्यांनी सगळी कॉट सुटी केली होती आणि सरकती बाजू मधोमध कापत होते.

नवरा वडिलांना म्हणाला, "अण्णा, कशाला कापताय? भंगारवाल्याला देऊ."

"भंगारवाला कुणाला तरी इकंल," ते म्हणाले. "त्यो तार लावंल."

पुण्याच्या बहिणीला मी फोन करून सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझी दोन्ही पोरं त्यात झोपली गं." तिच्या आवाजात मला माझीच भीती ऐकू आली, फक्त मागून येऊन गाठलेली. मी म्हणाले, "तुझी नीट लावलेली होती. आणि पोरं आता शाळेत आहेत." तिला ते किती पटलं ते माहीत नाही. तिने त्या रात्री मुलांना आपल्या खोलीत झोपवलं, असं पुढे कधीतरी सांगितलं.

मुलगी दिवस भरायच्या थोडं आधी झाली, पण वजन चांगलं होतं आणि रडली लगेच. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा नवऱ्याने नवी कॉट आणून ठेवली होती. चारही बाजू पक्क्या, सरकतं काही नाही. खोकं बंदच होतं. मामांनी नवऱ्याला सांगून ठेवलं होतं, की मी घरी आल्याशिवाय आणि कागद वाचल्याशिवाय उघडायचं नाही. मी कागद खिडकीत ठेवला, घड्या सपाट केल्या, सावली पडणार नाही असा उभ्याने प्रत्येक पानाचा वेगळा फोटो काढला. मग मुलीला मांडीवर घेऊन बसले. सहायकाकडून यादी आणि पायऱ्या करून घेतल्या आणि पुन्हा चित्रांशी ताडल्या. या वेळी धोक्याच्या सूचना मी शेवटी ठेवल्या नाहीत. ज्या पायरीत जो धोका, तो त्या पायरीच्या आधी लिहिला. वाचणाऱ्याचा हात तिथे पोचायच्या आत त्याचा डोळा पोचावा म्हणून.

नातीला बघायला आलेले मामा वाचत होते आणि नवरा जोडत होता. एका ठिकाणी मामा थांबले. "पोरी, हितं लिवलंय, मूल बसाया लागलं की तळ खालच्या भोकांत घ्या. किती महिन्याला बसतं?"

"सांगता येत नाही, मामा. कुणी लवकर, कुणी उशिरा."

त्यांनी मान हलवली आणि पुढे वाचायला लागले.

भीती गेली नाही. मला वाटलं होतं बाळ झालं की जाईल. मुलगी झोपली की मी तिच्या छातीकडे बघत बसायचे, हलतेय ना. कॉटची बाजू रोज हाताने रेटायचे, बोल्ट बोटाने चाचपायचे. नवरा आधी हसायचा, मग तोही गुपचूप चाचपायला लागला. मी त्याला तसं करताना पाहिलं.

एकदा दुपारी मामांना व्हिडिओ कॉल लावला होता. मुलगी गादीवर होती. दोन्ही हात पुढे टेकून ती उठली आणि बसली. डगमगत, पण कुणी न धरता. मी आनंदाने फोन तिच्याकडे वळवला. मामा काही क्षण बघत राहिले. त्यांच्या तोंडावर हसू आलं नाही.

"तळ वरच हाय का अजून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग आज तिला त्यात ठिवू नकोस. खाली निजव तुझ्याशेजारी. मी उद्या पैल्या गाडीनं निघतो."

नवऱ्याला ते काम येत होतं, मलाही येत होतं. तरी मी "या" म्हणाले. दुसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळेला ते आले. हातपाय धुतले, नातीला लांबूनच बघितलं आणि आधी पाना मागितला. आखूड बोल्ट काढले, तळ खालच्या भोकांवर घेतला, चारही बोल्ट आवळले. मग गुडघ्यांवर बसून त्यांनी दोन्ही हातांनी कॉट सगळ्या बाजूंनी हलवली, जोराने, बराच वेळ, दात आवळून. ती हलली नाही. त्यानंतर त्यांनी मुलीला उचलून घेतलं.